संमतीची पायरी: ‘अमूल’च्या जाहिरातींचा एक धडा

जाहिरातसंस्थेला काम सोपविताना जे टिपण दिले जाते त्यास व्यवसायात ‘ब्रीफ’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आखूड’ असा आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर बॅरिस्टरला खटल्याचे जे सारांशपत्र देतो त्यासही हीच संज्ञा आहे. अशा टिपणात उद्दिष्ट, ग्राहकवर्ग, खर्चाची मर्यादा आणि संमतीची पद्धत ही चार कलमे असावीत, असा संकेत आहे. पहिल्या तीन कलमांवर पुष्कळ चर्चा होते. चौथे मात्र केवळ कार्यालयीन तपशील समजून उरकले जाते. वस्तुतः उरलेली तीन कलमे कितपत पाळली जातील हे चौथ्यावरच अवलंबून असते. ‘अमूल’ लोण्याच्या जाहिरातींचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना १९४६ साली झाली व १९५५ पासून ‘अमूल’ हे नाव प्रचारात आले. त्या काळी मुंबईच्या बाजारात ‘पोल्सन’ लोण्याचे वर्चस्व होते. ते इतके दृढ होते की खुशामत करण्यास मराठीत ‘पोल्सन लावणे’ असा वाक्प्रचारच रूढ झाला. ज्या नावाने भाषेत घर केले त्याची जागा घेणे, हे नव्या लोण्यापुढील उद्दिष्ट होते. १९६६ साली हे काम ‘ॲडव्हर्टायझिंग अँड सेल्स प्रमोशन’ या संस्थेकडे आले. सिल्व्हेस्टर डा कुन्हा हे तिचे प्रमुख होते, तर युस्टेस फर्नांडिस हे कलादिग्दर्शक. लक्ष्य होते ते गृहिणीचे.

खर्चाच्या कलमाने माध्यम ठरविले. संघाचे मालक दूध उत्पादक शेतकरी असल्यामुळे जाहिरातीवर सढळ खर्च करणे शक्य नव्हते. तेव्हा रस्त्यावरचे फलक हेच प्रमुख साधन ठरले. हे फलक हाताने रंगवावे लागत आणि वारंवार बदलावे लागत. म्हणूनच डॉ. वर्गीस कुरियन यांनी सुचविलेल्या खोडकर मुलीच्या चित्राला दोन अटी होत्या: ते रेखाटण्यास सोपे असावे आणि लक्षात राहणारे असावे. एका वाक्यात मावणाऱ्या या सूचनेत रंगाऱ्याची अडचण, खर्चाची मर्यादा आणि पाहणाऱ्याची स्मृती या तिन्हींचा विचार झालेला दिसतो.

पुढे हे फलक चालू घडामोडींवर भाष्य करू लागले, आणि येथेच संमतीचा प्रश्न निकडीचा झाला. सर्वसाधारण पद्धतीत मजकूर संस्थेच्या प्रतिनिधीकडून ग्राहकाच्या जाहिरात अधिकाऱ्याकडे, तेथून विक्रीप्रमुखाकडे व शेवटी संचालकाकडे जातो. प्रत्येक मेजावर दोन दिवस गेले असे धरले, तरी आठवडा उलटतो आणि फलक रंगविण्याचे काम त्यानंतर सुरू होते. तोवर घटना शिळी झालेली असते. शिवाय प्रत्येक मेजावर एखादा शब्द सौम्य होतो व अखेरीस कोटीतील धार नाहीशी होते. कुरियन यांनी पूर्वसंमतीची ही अट काढून टाकली व मजकुराचा निर्णय डा कुन्हा यांच्यावर सोपविला. ही सवलत निराधार नव्हती. वस्तू एक, पात्र एक, मांडणी ठरलेली. बदलत होता तो केवळ विषय आणि शब्द. जे स्थिर होते त्यास एकदाच संमती मिळाली होती. म्हणून जे बदलते त्यास दरवेळी ती मागण्याचे कारण उरले नाही.

या स्वातंत्र्याची किंमतही होती. गणेशोत्सवातील जयघोषावर ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ अशी कोटी करण्यात आली. तीत ‘मोर’ हा इंग्रजी ‘अधिक’ या अर्थी होता. परंतु ज्यांच्या कानी मूळ घोषाचे पावित्र्य होते, त्यांना ती खटकली व तीव्र विरोध झाला. २००१ साली इंडियन एअरलाइन्सच्या संपावरील फलकामुळे विमानात अमूल लोणी न देण्याचा इशारा मिळाला. अशा वेळी आधी संमती कोणी दिली होती, हा प्रश्न गौण ठरतो. नंतर उत्तरदायित्व कोण घेणार, हा मुख्य असतो. पूर्वसंमती वगळणाऱ्या मालकाला परिणामांची जबाबदारी वगळता येत नाही.

ही पद्धत सर्वत्र लागू पडणारी नाही. औषधांच्या बाबतीत १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने काही रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींना मज्जाव केला आहे. तेथे प्रत्येक शब्द आधी तपासलाच पाहिजे. लोण्याच्या फलकावरील विनोद औषधाच्या गुणासारखा दावा करीत नाही, म्हणून तेथे मोकळीक परवडली.

चौथ्या कलमात केवळ ‘संमती घ्यावी’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या गोष्टीस एकदाच संमती हवी, कोणत्या गोष्टीस दरवेळी; ती देणारी व्यक्ती कोण, तिने किती दिवसांत उत्तर द्यावे, आणि आक्षेप आल्यास पुढे कोणी यावे, हे तेथे लिहिलेले असावे. संमती देणाऱ्यांची नावे एकाहून अधिक असतील आणि अखेरचा शब्द कोणाचा हे लिहिलेले नसेल, तर ते टिपण अपुरे आहे असे खुशाल समजावे.