बोलरूप : बोली, स्लँग की प्रसंगभेद

कोशासाठी एखादे बोलरूप कुठल्या प्रकारात मोडते हे ठरवताना तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. बोलीचे लक्षण एका प्रदेशातल्या सर्व वयांच्या आणि थरांच्या लोकांत सापडते व बहुधा व्याकरणात मुरलेले असते. स्लँग एखाद्या गटाची, बरेचदा तरुणांची असते आणि तिचा भर शब्दांवर असतो. प्रसंगभेदात माणूस तोच, पण समोर कोण आहे त्यानुसार त्याचे बोलणे बदलते. अडचण अशी की हे तिन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात. नागपुरात मित्रामित्रांत सहज कानावर पडावे असे वाक्य घेऊ : ‘कल्टी मारून राहिला का बे?’ बाहेरचा श्रोता या सगळ्यालाच ‘टपोरी’ म्हणून मोकळा होतो. त्याचे तुकडे वेगळे तपासले पाहिजेत.

आधी ‘मारून राहिला’. प्रमाण मराठीतही ‘येऊन राहिला’ असते, पण ‘तो पुण्यात येऊन राहिला’ याचा अर्थ तो आला आणि तिथे मुक्कामाला राहिला. विदर्भात ‘तो येऊन राहिला’ म्हणजे तो येतो आहे, वाटेवर आहे. इथे ‘राहणे’चा मूळ अर्थ उरलेला नाही. हे कसे ओळखायचे? राहू न शकणारा कर्ता देऊन पाहावा. ‘नळाला पाणी येऊन राहिलं’, ‘पाऊस पडून राहिला’ ही वाक्ये तिथे अगदी सहज चालतात. पाणी कुठे वस्तीला राहत नाही. म्हणजे ‘राहणे’ केवळ चालू काळ दाखवणारे सहायक क्रियापद झाले आहे. शिवाय रूप पूर्ण चालते : करून राहिलो, राहिली, राहिले, करून राहिला होता. बोलताना ते ‘रायलो’, ‘रायली’ होते. लिंग, वचन, पुरुष आणि काळ यांत असे फिरणारे रूप व्याकरणाचा भाग असते, कुणी गंमत म्हणून उचललेला शब्द नसतो.

ही रचना हिंदीच्या ‘कर रहा है’शी जुळते. नागपूर ही हिंदी-मराठी अशा दुभाषिक मध्य प्रांताची राजधानी होती, त्यामुळे हिंदीचा प्रभाव मानण्यास चांगला आधार आहे. पण म्हणून तिला ‘बिघडलेली मराठी’ ठरवणे चूक आहे. रूप कुठून आले हा एक प्रश्न, आज ते कोण आणि कसे वापरते हा दुसरा. वर्गवारी दुसऱ्यावरच ठरते.

आता ‘बे’. रचना तीच ठेवून श्रोता बदलावा. मित्राला ‘काय करून राहिला बे?’ विचारणारा माणूस शेजारच्या काकांना ‘काय करून राहिले जी?’ असे विचारेल. ‘बे’ गेला, ‘जी’ आला, क्रियापद आदरार्थी झाले, पण ‘करून राहणे’ जागचे हलले नाही. ही अदलाबदलीची कसोटी सर्वांत उपयोगी आहे : जे श्रोत्याबरोबर बदलते तो प्रसंगभेद, जे टिकते ती बोली. अर्थात ‘बे’ आणि ‘जी’ दोन्हींना प्रादेशिक रंग आहेच, म्हणून कोशात त्यांच्यापुढे प्रदेश आणि नाते अशा दोन्ही खुणा हव्यात.

‘कल्टी मारणे’ मात्र मुंबई-पुण्याच्या तरुणांतही चालते. नागपुरातली आजी ‘येऊन राहिली’ म्हणेल, पण ‘कल्टी’ म्हणणार नाही. ‘निसटला’, ‘पळाला’ म्हणेल. प्रदेशाची सीमा हा शब्द पाळत नाही, वयाची पाळतो. म्हणून तो स्लँग.

चुका बहुतेक माहिती गोळा करतानाच होतात. ‘तुम्ही असं बोलता का?’ असे थेट विचारले की शिकलेला माणूस सावरून ‘करत आहे’वर येतो, आणि नोंदीत ते रूप ‘अशिक्षितांचे’ ठरते. त्याऐवजी चित्र दाखवून ‘ही बाई काय करते?’ विचारावे, किंवा घरातले कालचे भांडण सांगायला लावावे. सांगण्याच्या भरात घरचे रूप बाहेर पडते. निदान तीन पिढ्यांतली माणसे घ्यावीत आणि त्यांत बायका असाव्यातच, नाहीतर चौकातल्या पोरांची भाषा अख्ख्या जिल्ह्याच्या नावावर चढते. चित्रपटांतली, विनोदी कार्यक्रमांतली वऱ्हाडी बोली पुरावा म्हणून धरू नये. तिथे हशासाठी रूपे दाट पेरलेली असतात.

काही शब्दांना एकच खूण पुरत नाही. ‘लय’ हे सातारा-कोल्हापूरकडे लहानथोरांच्या तोंडचे साधे बोलीरूप आहे : ‘लय पाऊस झाला.’ तेच पुण्यात घरी ‘खूप’ म्हणणारा विद्यार्थी मित्रांत ‘लय भारी’ म्हणतो, तेव्हा ते शैलीसाठी उसने घेतलेले असते. अशा शब्दाखाली दोन स्वतंत्र अर्थनोंदी द्याव्यात आणि प्रत्येकीत बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे लिहावे.