मंडळ एक की दोन? कामगारांच्या मताचे जर्मन गणित

सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीच्या व्यवस्थापनाने मायदेशातील कारखाने बंद करण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे जाहीर केले आणि १९९४ पासून चालत आलेला नोकरीच्या हमीचा करारही रद्द केला. एखाद्या ब्रिटिश वा भारतीय कंपनीत असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आला असता, तर मंडळात बसलेल्यांपैकी बहुधा एकाचीही नोकरी त्या निर्णयावर अवलंबून नसती. फोक्सवॅगनमध्ये मात्र व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या वीस जागांपैकी दहा जागा कामगारांच्या बाजूच्या होत्या. कंपनी-प्रशासनाच्या तौलनिक अभ्यासात 'एकस्तरीय विरुद्ध द्विस्तरीय मंडळ' हा विषय बहुतेकदा दोन आकृत्यांच्या साह्याने शिकवला जातो. या दोन पद्धतींतील खरा फरक मात्र मतांच्या हिशेबातून अधिक स्पष्ट होतो.

एकस्तरीय पद्धतीत कंपनी चालवणारे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे एकाच टेबलाभोवती बसतात. व्यवस्थापकीय संचालक आणि स्वतंत्र संचालक यांची कायदेशीर जबाबदारी मुळात सारखीच असते. जर्मन सार्वजनिक कंपनीत ही दोन कामे दोन मंडळांकडे असतात. व्यवस्थापन मंडळ स्वतःच्या जबाबदारीवर कंपनी चालवते. देखरेख मंडळ या व्यवस्थापकांची जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी नेमणूक करते, त्यांचे वेतन ठरवते आणि त्यांच्या कामाची तपासणी करते. एकाच व्यक्तीला एकाच वेळी दोन्ही मंडळांवर बसता येत नाही. ब्रिटन किंवा भारतात भागधारक साध्या बहुमताने संचालकाला दूर करू शकतात. जर्मनीत व्यवस्थापकाला मुदतीआधी काढायचे, तर देखरेख मंडळालाही सबळ कारण दाखवावे लागते.

यातील एक तरतूद विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास निसटते. देखरेख मंडळाकडे कंपनी चालवण्याचे काम सोपवता येत नाही. काही महत्त्वाचे व्यवहार आपल्या पूर्वसंमतीशिवाय करू नयेत, असे ते ठरवू शकते. याचा अर्थ, ते 'नाही' म्हणू शकते, परंतु 'हे करा' असा आदेश देऊ शकत नाही. कामगार प्रतिनिधी ज्या मंडळावर बसतात, त्याच्या हाती आहे तो असा नकाराधिकार. जर्मन भांडवलदारांनी कामगारांना मंडळात घेणे अखेर का सोसले, याचे निदान अर्धे उत्तर या मर्यादेत दडलेले आहे.

आता जागांचा हिशेब. पाचशेहून अधिक आणि दोन हजारांपर्यंत कर्मचारी असलेल्या कंपनीत देखरेख मंडळाच्या एक तृतीयांश जागा कामगारांना मिळतात. दोन हजारांपेक्षा अधिक कर्मचारी असल्यास १९७६ चा सहनिर्णय कायदा लागू होतो आणि जागा निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. कर्मचारी वीस हजारांहून अधिक असतील, तर मंडळ वीस जणांचे असते. कामगारांच्या दहापैकी सात जागा कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी असतात आणि त्यांतील एक वरिष्ठ अधिकारीवर्गासाठी राखीव असते. उरलेल्या तीन जागांवर कामगार संघटनांचे प्रतिनिधी येतात.

दहा विरुद्ध दहा ही बरोबरी वरवर पूर्ण दिसते, पण तशी ती नाही. मंडळाच्या अध्यक्षाची निवड दोन तृतीयांश बहुमताने व्हावी लागते. ते न जमल्यास दुसऱ्या फेरीत अध्यक्ष एकटे भागधारकांचे प्रतिनिधी निवडतात आणि कामगारांच्या वाट्याला उपाध्यक्षपद येते. त्यामुळे अध्यक्ष व्यवहारात भागधारकांच्याच बाजूचा असतो. एखाद्या प्रस्तावावर समान मते पडली, तर पुन्हा मतदान होते. तेव्हाही समान मते पडल्यास अध्यक्षाला दुसरे मत मिळते. अध्यक्षाच्या गैरहजेरीत उपाध्यक्षाला हा अधिकार नाही. म्हणजे भागधारकांची बाजू एकसंध राहिली, तर निकाल अकरा विरुद्ध दहा असा त्यांच्याच पदरात पडतो. उद्योगांनी या कायद्याला घटनात्मक आव्हान दिले होते. १९७९ मध्ये तेथील घटना न्यायालयाने कायदा वैध ठरवला, तेव्हा भागधारकांचे हे किंचित पारडे जड असणेच निर्णायक ठरले. खरी बरोबरी फक्त कोळसा आणि पोलाद उद्योगांत आहे. तेथे १९५१ च्या कायद्यानुसार दोन्ही बाजूंच्या मधोमध एक तटस्थ सदस्य बसतो.

फोक्सवॅगनमध्ये हे गणित बदलते. लोअर सॅक्सनी या राज्याकडे कंपनीतील वीस टक्के मतदान हक्क आहेत आणि देखरेख मंडळावर राज्याचे दोन सदस्य बसतात. हे दोघे भागधारकांच्या दहा जणांत मोजले जातात, परंतु त्यांना मतदार असतात आणि त्या मतदारांपैकी कित्येक जण फोक्सवॅगनच्या कारखान्यांत कामाला जातात. हे दोन सदस्य कामगारांच्या बाजूला गेले, की हिशेब बारा विरुद्ध आठ असा होतो आणि अध्यक्षाच्या दुसऱ्या मताचा प्रश्नच उरत नाही. शिवाय या कंपनीसाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे. त्यानुसार नवा कारखाना उभारण्यासाठी वा असलेला अन्यत्र हलवण्यासाठी देखरेख मंडळाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. वीस जणांत ती चौदा होते. कामगारांची दहा मते एकत्र राहिली, तर चौदाचा आकडा गाठणे कोणालाच शक्य नाही. या कायद्याच्या अन्य काही तरतुदी युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये अवैध ठरवल्या, पण ही तरतूद टिकून राहिली.

मात्र या कलमात उभारणी आणि स्थलांतर हे दोनच शब्द आहेत. कारखाना सरळ बंद करण्याचा उल्लेख त्यात नाही. म्हणून २०२४ च्या पेचप्रसंगात कामगारांची भिस्त केवळ त्या कलमावर नव्हती. ती राज्याच्या दोन मतांवर होती आणि मंडळाबाहेरील दोन शक्तींवरही होती. पहिली म्हणजे कारखान्यातील कामगार परिषद. ती स्वतंत्र कायद्याने निवडली जाते आणि पाळ्या, बदल्या, कपात यांबाबत व्यवस्थापनाला तिच्याशी बोलणी करावीच लागतात. दुसरी म्हणजे वेतनाचे करार करणारी संघटना. परिषद, संघटना आणि देखरेख मंडळ या तीन वेगळ्या संस्था आहेत. त्यांची सरमिसळ ही या विषयावरील उत्तरपत्रिकांतील बहुधा सर्वांत मोठी चूक असावी.

पेच सुटला तो देखरेख मंडळाच्या बैठकीत नव्हे, तर वाटाघाटींच्या टेबलावर. डिसेंबर २०२४ मध्ये इशारा-संप झाले आणि २० डिसेंबरला करार झाला. त्यानुसार जर्मनीतील पस्तीस हजारांहून अधिक नोकऱ्या २०३० पर्यंत कमी होणार, पण सक्तीची कपात होणार नाही. कोणताही कारखाना तातडीने बंद करायचा नाही. ड्रेस्डेन येथील मोटारनिर्मिती २०२५ अखेर थांबवायची आणि नोकरीची हमी २०३० पर्यंत पुन्हा द्यायची, असेही ठरले. कामगारांनी वेतनाच्या बाबतीत माघार घेतली. मंडळातील दहा मतांनी येथे काय साधले? कंपनीचे हिशेब आणि योजना कामगार प्रतिनिधींना व्यवस्थापनाच्या दाव्यांशी ताडून पाहता येत होत्या आणि आपल्याला डावलून एकतर्फी निर्णय होणार नाही, याची त्यांना खात्री होती. याउलट, कपात टाळणे त्यांना शक्य झाले नाही.

या व्यवस्थेचे दोषही फोक्सवॅगनमध्येच ठळकपणे दिसले. मंडळातील मते इतकी मोलाची असतील, तर ती सांभाळण्याचा मोह व्यवस्थापनाला होतोच. कंपनीचे तत्कालीन मनुष्यबळप्रमुख पीटर हार्ट्झ यांनी कामगार परिषदेचे प्रमुख क्लाउस फोल्कर्ट यांना गैरमार्गाने विशेष रकमा दिल्याचे प्रकरण २००५ मध्ये उघड झाले. हार्ट्झ यांना २००७ मध्ये आणि फोल्कर्ट यांना २००८ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. दुसरा दोष कमी गाजणारा, पण अधिक सार्वत्रिक आहे. बैठकीपूर्वी भागधारकांची बाजू आणि कामगारांची बाजू वेगवेगळ्या बसतात, भूमिका ठरवतात आणि प्रत्यक्ष बैठकीत मोकळी चर्चा फारशी उरत नाही. मंडळाचे इतिवृत्त मतभेदाविना गुळगुळीत दिसू लागले, की खरे निर्णय दुसरीकडे होत आहेत असे समजावे.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न एकस्तरीय मंडळाच्या चौकटीत सोडवण्याचा प्रयत्न झाला. १९७७ च्या बुलक समितीने त्याच एका मंडळावर भागधारक आणि कामगार यांना समान जागा आणि त्यांच्यामध्ये एक छोटा तिसरा गट सुचवला होता. उद्योगांचा विरोध होताच, शिवाय संघटनांतही एकमत नव्हते. ज्या मंडळाने वेतनकपात ठरवायची त्यावर आपला माणूस बसला, तर उद्या तिच्याविरुद्ध संप कोण करणार, हा त्यांतील काहींचा आक्षेप होता. द्विस्तरीय पद्धतीत ही अडचण सौम्य होते, कारण कामगार प्रतिनिधी निर्णय राबवत नाही, तपासतो. समितीचा प्रस्ताव बारगळला. २०१८ च्या ब्रिटिश प्रशासन संहितेने कंपन्यांपुढे तीन पर्याय ठेवले: कर्मचाऱ्यांतून एक संचालक, कर्मचाऱ्यांचे सल्लागार मंडळ किंवा कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी नेमलेला एक बिगर-कार्यकारी संचालक. बहुसंख्य कंपन्यांनी तिसरा, म्हणजे सर्वांत निरुपद्रवी मार्ग पत्करला. तथापि एकस्तर आणि कामगार प्रतिनिधित्व यांचे हाडवैर आहे, असे मात्र मानू नये. स्वीडनमध्ये एकाच मंडळावर कामगारांचे दोन-तीन प्रतिनिधी कायद्यानेच बसतात. मात्र ते अल्पमतात असतात.

फोक्सवॅगनचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणलाही आहे. देखरेख मंडळातील त्या दहा जागांसाठी मतदानाचा हक्क केवळ जर्मनीतील कर्मचाऱ्यांना आहे. समूहाच्या अन्य देशांतील कामगारांना तो नाही, मग तो कारखाना पोलंडमध्ये असो वा महाराष्ट्रात. हा भेद युरोपीय कायद्याच्या विरुद्ध नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने पर्यटन क्षेत्रातील एका जर्मन कंपनीच्या खटल्यात २०१७ मध्ये दिला. नवा कारखाना कोठे उभारायचा, यावर जर्मन कामगार प्रतिनिधी मत देतात. त्या मताची झळ किंवा लाभ ज्यांच्यापर्यंत पोहोचतो, त्यांतील अनेकांना मतपेटीच नसते.

भारताने १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे कलम ४३ अ मार्गदर्शक तत्त्वांत घातले. खासगी कंपन्यांच्या मंडळांवर कामगारांना जागा देण्याची सक्ती कंपनी कायद्यात आजही नाही. ती तरतूद आहे राष्ट्रीयीकृत बँकांच्या कायद्यात. पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रसह या बँकांच्या एकस्तरीय मंडळावर कामगारांचा एक आणि अधिकाऱ्यांचा एक संचालक नेमायचा असतो. त्यांची निवड मतदानाने होत नाही. नेमणूक केंद्र सरकार करते आणि त्या एका मताने समसमान स्थिती निर्माण होण्याचा प्रसंग येत नाही.