नॉर्मल मॅप वापरून पोर्ट्रेटवरचा उजेड कसा बदलायचा?

एका हौशी नाट्यसंस्थेच्या पोस्टरचं उदाहरण घेऊन हा लेख लिहितोय. पोस्टरचं दृश्य असं: तिन्हीसांजेची वेळ, वाड्याची ओसरी, डाव्या बाजूला खाली ठेवलेला पेटता कंदील. त्यात बसवायचा होता एका अभिनेत्याचा चेहरा, आणि त्याचा फोटो मात्र तालमीच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली काढलेला. चेहरा कापून ओसरीवर ठेवला, त्यावर पिवळट छटा दिली, तरी तो चिकटवल्यासारखाच दिसत होता. कारण सोपं आहे. रंग बदलला तरी उजेडाची दिशा बदलत नाही. कपाळ उजळ आणि हनुवटीखाली सावली, म्हणजे दिवा डोक्यावर, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

दिशा बदलायची तर चेहऱ्याचा कुठला भाग कुठे तोंड करून आहे हे संगणकाला माहीत हवं. ती माहिती ज्या चित्रात साठवतात त्याला नॉर्मल मॅप म्हणतात.

नॉर्मल मॅपमध्ये असतं काय?

पृष्ठभागावरच्या एखाद्या बिंदूवर काटकोनात टाचणी टोचली, तर ती टाचणी ज्या दिशेला बघेल ती त्या बिंदूची नॉर्मल. दिशा सांगायला तीन आकडे लागतात: उजवीकडे किती, वर किती आणि आपल्याकडे किती. प्रत्येक आकडा −१ ते १ च्या दरम्यान असतो. चित्रात साठवण्यासाठी तो ० ते २५५ मध्ये बसवतात. लाल रंगात डावी-उजवी दिशा, हिरव्यात वर-खाली आणि निळ्यात आपल्याकडची दिशा. म्हणून सरळ समोर बघणारा भाग (१२८, १२८, २५५), म्हणजे तो ओळखीचा फिकट जांभळा-निळा रंग दिसतो.

(या लेखात डावं-उजवं म्हणजे फोटो बघणाऱ्याचं डावं-उजवं.)

चार फोटोंतून नॉर्मल मॅप

एकाच फोटोवरून नॉर्मलचा फक्त अंदाज बांधता येतो. व्यक्ती समोर असेल तर अंदाज कशाला, मोजूनच घ्यावं. या पद्धतीला फोटोमेट्रिक स्टिरिओ म्हणतात आणि रॉबर्ट वुडहॅम यांनी ती १९८० मध्ये मांडली. तत्त्व एवढंच: कॅमेरा हलवायचा नाही, माणूस हलायचा नाही, फक्त दिवा हलवायचा. कुठल्या दिव्याने किती उजळलं यावरून तो भाग कुणीकडे वळलाय ते निघतं.

आम्ही अभिनेत्याला पुन्हा बोलावून खुर्चीवर बसवलं, डोक्यामागे भिंतीचा आधार दिला. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअल. एकच दिवा घेतला आणि दीड मीटरची दोरी. दोरीचं एक टोक नाकाजवळ धरून दिवा उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली, प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या रेषेशी ४५ अंशांत ठेवला. बसलेल्या माणसाचा चेहरा जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो आणि दीड मीटरच्या दोरीला ४५ अंशांत १.०६ मीटर खाली जावं लागतं, त्यामुळे खालचा दिवा जमिनीच्या थोडा वर बसतो. दोरी हवीच, कारण दिवा १ मीटरऐवजी १.१ मीटरवर गेला तरी उजेड १७ टक्क्यांनी घटतो आणि ती घट मॅपमध्ये खोटा उतार बनून बसते. पाचवा फोटो दिवा बंद करून काढायचा. तो खोलीतला उरलेला उजेड. तो बाकी चारांतून वजा करायचा.

४५ अंशांचा फायदा असा की गणित अगदी छोटं होतं. उजव्या आणि डाव्या फोटोतला फरक भागिले त्यांची बेरीज, म्हणजे त्या भागाचा आडवा उतार. वर-खालीसाठीही तेच. पायथनमध्ये ते असं दिसतं. `R`, `L`, `T`, `B` हे अनुक्रमे उजवा, डावा, वरचा आणि खालचा फोटो, लिनिअर स्वरूपात:

```python
r, l, t, b = [x.mean(axis=2) for x in (R, L, T, B)]
p = (r - l) / (r + l + 1e-4)
q = (t - b) / (t + b + 1e-4)
nz = 1 / np.sqrt(p*p + q*q + 1)
n = np.dstack((p*nz, q*nz, nz))
albedo = (R + L + T + B) / (4 * 0.707 * nz[..., None])
```

शेवटच्या ओळीतला `albedo` हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. अल्बेडो म्हणजे उजेड-सावली काढून टाकल्यावर उरलेला त्वचेचा मूळ रंग. तो नसेल तर जुन्या सावल्यांवर नव्या सावल्या चढतात आणि चेहरा मळकट दिसतो.

आता कंदील लावू

आधी दृश्य नीट बघायचं. ओसरीच्या खांबाची सावली उजवीकडे पडली होती, म्हणजे दिवा डावीकडे. तो चेहऱ्यापेक्षा थोडा खाली आणि पुढे होता. ही दिशा मी (−०.७, −०.३, ०.६५) अशी घेतली. रंग मनाने ठरवायचा नाही. कंदिलाने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीवरून आयड्रॉपरने दिव्याचा रंग घेतला आणि उजेड न पोचलेल्या भिंतीवरून संध्याकाळच्या आभाळाचा निळसर रंग. दोन्ही रंग लिनिअर करून घेतले.

```python
lamp = np.array([-0.7, -0.3, 0.65])
warm = np.array([0.3, 0.6, 1.0])    # B, G, R
sky  = np.array([0.20, 0.13, 0.10]) # B, G, R
d = np.clip(n @ lamp, 0, None)[..., None]
out = albedo * (d * warm + sky)
```

`cv2` ने फोटो उघडला तर रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. तो उलटा धरला तर कंदील निळा होतो.

आता दोन पिक्सेल हाताने करून बघू. डाव्या गालावर मॅपचा रंग (६४, १२८, २३८) होता, म्हणजे नॉर्मल साधारण (−०.५, ०, ०.८७). दिव्याच्या दिशेशी गुणून बेरीज केली की ०.९१ येतात. उजव्या गालावर (१९२, १२८, २३८), तिथे येतात फक्त ०.२१. यात आभाळाचा उजेड मिळवला की लाल रंग डावीकडे १.०१ आणि उजवीकडे ०.३१, म्हणजे ३.३ पट फरक. निळा मात्र ०.४७ आणि ०.२६, फरक १.८ पटच. म्हणून डावा गाल तांबूस आणि उजवा गाल गडद आणि तुलनेने निळसर होतो. तिन्हीसांजेचा जो भाव म्हणतो तो यातच आहे: उजेड आणि सावली यांचे रंग वेगळे असणं. सगळ्या चेहऱ्यावर एकच पिवळी छटा फासली तर हे कधीच येत नाही.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा

वर दोनदा ‘लिनिअर’ म्हटलं ते यासाठी. नेहमीच्या फोटोतले आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला बरं दिसावं म्हणून ते गामा वक्राने वर ढकललेले असतात. समजा त्वचेचा आकडा २०० आहे आणि त्यावर ०.२१ उजेड पडतोय. थेट गुणलं तर ४२ येतात, जवळपास काळं. पण २०० म्हणजे खरा उजेड ०.५८. त्याला ०.२१ ने गुणून ०.१२, आणि ते परत वक्रावर नेलं की ९८. ४२ आणि ९८, केवढा फरक! सावलीची बाजू डांबरासारखी काळी दिसली तर पहिला संशय इथेच घ्यावा. शक्यतो रॉ फोटो घेऊन १६ बिट लिनिअर फाइल काढावी. ८ बिटमध्ये गालावर पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात.

याउलट नॉर्मल मॅप म्हणजे रंग नव्हेत, नुसते आकडे. त्यावर गामा लावायचा नाही. ब्लेंडरमध्ये मॅप उघडताना कलर स्पेस `Non-Color` ठेवायची ती त्यासाठीच. शिवाय ब्लेंडर आणि युनिटीत हिरवा रंग ‘वर’ सांगतो, तर अनरियलमध्ये ‘खाली’. मॅप एकीकडून दुसरीकडे नेला आणि खालचा कंदील हनुवटीऐवजी कपाळ उजळायला लागला, तर हिरवा चॅनल उलटा करायचा.

जे मॅप करू शकत नाही

नॉर्मल मॅपला फक्त दिशा कळते, आडवं काय येतंय ते कळत नाही. कंदील डावीकडे खाली असेल तर नाकाची सावली उजव्या गालावर तिरकी वर पडायला हवी. ती या गणितातून येत नाही, हाताने रंगवावी लागते. मी ती वेगळ्या लेअरवर करतो. नाकाजवळ कडा स्पष्ट आणि लांब जाताना मऊ.

दुसरी मर्यादा तीव्र उताराची. भाग ४५ अंशांपेक्षा जास्त वळलेला असेल तर चारपैकी एक दिवा तिथे पोचतच नाही आणि नॉर्मल चुकते. नाकाची बाजू, कान आणि जबड्याची कड इथे हे होतं. तेलकट कपाळावरची चकाकीही नॉर्मल बिघडवते. त्यासाठी दिव्यासमोर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर लावतात. पॉल डेबेव्हेक यांच्या लाइट स्टेजवरच्या कामातही चकाकी वेगळी काढायला पोलरायझरच वापरले आहेत.

तिसरं, त्वचा. प्रकाश त्वचेत थोडा शिरून पसरतो, आणि लाल सर्वांत जास्त पसरतो. म्हणून खऱ्या चेहऱ्यावर उजेड-सावलीची सीमा मऊ आणि किंचित लालसर असते, आपल्या गणितात ती प्लास्टरच्या पुतळ्यासारखी येते. उपाय: लाल चॅनलचा उजेड काढताना नॉर्मल मॅप थोडा ब्लर करून वापरायचा, हिरव्या-निळ्यासाठी मूळचा.

झालं की नाही, कसं ओळखायचं?

तीन गोष्टी तपासा. डोळे आधी बघा: बुबुळांत जुन्या दिव्यांचे ठिपके राहिलेले असतात. ते पुसून डावीकडे खाली एकच पिवळा ठिपका ठेवा. मग मॅपमध्ये पापण्या आणि ओठांच्या कडेला रंगीत दुहेरी रेघा दिसतात का बघा. दिसल्या तर माणूस हललाय, फोटो डोळ्यांवरून जुळवून मॅप परत काढा. शेवटी अख्खं चित्र कृष्णधवल करा आणि चेहऱ्यातला सर्वांत गडद भाग ओसरीतल्या गडद कोपऱ्याशी ताडून बघा. दूरच्या दृश्यात हवेमुळे काळा रंग थोडा उचललेला असतो. चेहऱ्याचा काळा त्याहून फार गडद असेल तर चेहरा पुढे तरंगतो. इथे दिशा बदलायची नाही, `sky` चे आकडे थोडे वाढवायचे. आमच्या पोस्टरवर तेवढ्यानेच चेहरा ओसरीत बसला.