मुखांतर्गत स्कॅनर
दात व हिरड्यांची त्रिमित प्रतिमा प्रकाशाच्या साहाय्याने थेट संगणकावर घेणारे उपकरण (पहा : दंतवैद्यक). व्हेर्नर म्योर्मान व मार्को ब्रांदेस्तिनी यांच्या झुरिकमधील कामातून १९८५ मध्ये ते प्रथम रुग्णासाठी वापरले गेले.

स्कॅनर छोट्या प्रतिमा जोडत पुढे सरकतो आणि प्रत्येक जोडणीतील सूक्ष्म चूक पुढे साचत जाते. म्हणून एका दाताच्या टोपीसाठी तो सिलिकॉनच्या ठशाच्या तोडीचा ठरतो, पण संपूर्ण कमानीसाठी, विशेषतः दात नसलेल्या गुळगुळीत हिरडीवर, ठसा अधिक भरवशाचा. ठसाही आकसतो हा आक्षेप खरा, मात्र ॲडिशन सिलिकॉनमध्ये (पहा : ठसाद्रव्ये) हे आकसणे अत्यल्प असते. ठशाने उबळ येणाऱ्या रुग्णाला स्कॅनर सुसह्य वाटतो. प्रयोगशाळेकडे फाईल जाते व प्लास्टर ओतणे बहुधा टळते. त्याहून मोलाचे म्हणजे, रक्ताने झाकलेली कड रुग्ण खुर्चीत असतानाच पडद्यावर कळते आणि तेवढाच भाग पुन्हा टिपता येतो.