पडद्यावरचं नातं आणि घरातलं नातं : ‘रामायण’च्या निमित्ताने

मंडळी, दूरदर्शनच्या इतिहासाबद्दल बोलायला लागलं की एक प्रकारचं वाक्य हमखास कानावर येतं. “अमुक मालिकेत जे नवरा-बायको दाखवलेत ना, ते खरेच नवरा-बायको होते!” कधी बाप-लेक, कधी सख्ख्या बहिणी. ऐकायला गंमत वाटते, म्हणून आपण ते पुढे सांगतो. आज अशी वाक्यं तपासायची कशी, ते आपण एका मालिकेच्या आधारे पाहू. मालिका म्हणजे रामानंद सागर यांचं ‘रामायण’. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी ते चालू होतं आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं. त्यामुळे दोन पिढ्यांनी ते पाहिलं आहे आणि दोन्ही पिढ्यांच्या तोंडी त्याच्या कथा आहेत.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या, की असं वाक्य एक नसतं, त्यात तीन वाक्यं असतात. एक, या दोन नटांचं प्रत्यक्षात हे नातं आहे. दोन, त्याच मालिकेत त्यांनी त्या नात्याच्या भूमिका केल्या. आणि तीन, चित्रीकरण झालं तेव्हा ते नातं अस्तित्वात होतं. या तिघांचा पुरावा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतो. भूमिका कोणी केली हे मालिकेची श्रेयनामावली आणि प्रत्यक्ष भाग पाहून कळतं. पण ‘अमुक यांचे पती’ असं काही श्रेयनामावलीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी आत्मचरित्र, त्या काळच्या मुलाखती, निधनानंतरच्या बातम्या हे बघावं लागतं. एका पुराव्यावरून तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या असं धरलं, की चूक होते.

आता सर्वांत प्रसिद्ध दावा घेऊ. दशरथ आणि कौसल्या हे खरे पती-पत्नी होते. दशरथ होते बाळ धुरी आणि कौसल्या होत्या जयश्री गडकर. आडनावं वेगळी आहेत, म्हणून पुष्कळांना हे पटत नाही. पण जयश्रीबाई लग्नापूर्वीच मोठ्या नायिका झाल्या होत्या. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ आठवा. ज्या नावाने लोक ओळखतात ते नाव नटी लग्नानंतरही ठेवते, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणजे वेगळं आडनाव हा नातं नसल्याचा पुरावा नव्हे. त्यांचं लग्न मालिकेच्या कितीतरी आधीचं. २००८ साली जयश्रीबाई गेल्या तेव्हाच्या बातम्यांतही पती म्हणून बाळ धुरींचंच नाव होतं. तिन्ही वाक्यं टिकतात. दावा खरा.

दुसरा दावा जरा नाजूक आहे. “रामायणात खरे बाप-लेक होते.” हो, होते. राजा जनकाचं काम मूलराज राजडा यांनी केलं आणि शत्रुघ्नाचं काम त्यांचे चिरंजीव समीर राजडा यांनी. इथवर ठीक. पण हे वाक्य दोन-चार तोंडांतून फिरलं की त्याचं होतं, “बाप-लेकांनीच बाप-लेकांची कामं केली.” आता मालिका आठवा. शत्रुघ्नाचा बाप दशरथ, जनक नव्हे. मग जनक त्याचा कोण? शत्रुघ्नाची बायको श्रुतकीर्ती ही कुशध्वजाची मुलगी आणि कुशध्वज हा जनकाचा धाकटा भाऊ. म्हणजे जनक शत्रुघ्नाचा चुलत सासरा! घरात वडील, पडद्यावर चुलत सासरे. तेव्हा “नातेवाइकांनी नातेवाइकांची कामं केली” हे बरोबर, “बाप-लेकांची” हे चूक. नातं खरं असूनही पडद्यावरचं नातं मागून जोडलं गेलं. माझ्या अनुभवात अर्धसत्याचा हा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो, कारण त्यातला अर्धा भाग कुठेही तपासला तरी खराच निघतो.

इथे आडनावाचा उलटा घोटाळाही सांगून ठेवतो. ‘रामायण’ची श्रेयनामावली बघा, त्यात सागर हे आडनाव पुन्हा पुन्हा येतं. रामानंद सागर यांचं मूळ नाव चंद्रमौली चोप्रा, म्हणजे ‘सागर’ हे घेतलेलं नाव. त्यांच्या मुलांनी तेच लावलं. ही सगळी खरी नातेवाईक मंडळी, पण ती कॅमेऱ्यामागच्या कामांवर. नामावलीत आडनाव दिसलं म्हणून पडद्यावर कुटुंब शोधत बसायचं नाही.

तिसरा दावा तारखेचा. “राम आणि सीता खरे नवरा-बायको होते.” हा ऐकला की आधी विचारायचं, कोणत्या रामायणातले? १९८७ चे अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया हे पती-पत्नी नव्हते. गोविल यांच्या पत्नी श्रीलेखा, आणि दीपिकाबाईंचं लग्न पुढे टोपीवाला यांच्याशी झालं. पण सागर यांच्याच संस्थेने २००८ मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर नवीन ‘रामायण’ आणलं. त्यात गुरमीत चौधरी राम आणि देबिना बॅनर्जी सीता. हे दोघे पती-पत्नी आहेत. दोन मालिकांचं नाव एक, म्हणून धाकट्या रामायणातली गोष्ट थोरल्याला चिकटते.

बरं, २००८ च्या जोडीपुरता तरी दावा सरळ आहे का? त्यांचं जाहीर लग्न फेब्रुवारी २०११ मधलं. म्हणजे मालिकेनंतरचं. त्या तारखेवर गेलो तर म्हणावं लागेल, ‘चित्रीकरणाच्या वेळी ते पती-पत्नी नव्हते.’ पण पुढे त्या दोघांनीच सांगितलं, की आपण २००६ मध्येच घरच्यांना न सांगता लग्न केलं होतं. आता काय लिहायचं? मी म्हणेन, दोन्ही लिहायचं, आणि कोणती तारीख कुठून आली तेही लिहायचं. ‘जाहीर लग्न २०११, त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे आधीचं लग्न २००६.’ यातली एक तारीख गाळली की पुढचा माणूस आपल्याला आवडेल तो निष्कर्ष काढायला मोकळा.

हे सगळं कशासाठी करायचं? एक कारण सरळ आहे. लग्न ही माणसांच्या आयुष्यातली गोष्ट आहे, ती चुकीच्या माणसाच्या नावावर टाकणं बरं नव्हे. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं, आणि ते खऱ्या ठरलेल्या दाव्यालाही लागू आहे. “दशरथाची खरी बायको कौसल्या झाली” हे वाक्य खरं आहे, पण ते ऐकून आज विशीतल्या मुलाला वाटतं की नवऱ्याला काम मिळालं म्हणून बाईंनाही मिळालं. वस्तुस्थिती काय आहे? ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा ‘सांगत्ये ऐका’ला अठ्ठावीस वर्षं होत आली होती. त्या दोघांत प्रेक्षकांना अधिक परिचयाचं नाव जयश्रीबाईंचं होतं. तेव्हा अशी नोंद करताना नात्याच्या आधी माणसाचं स्वतःचं काम लिहा: ‘जयश्री गडकर, मराठी चित्रपटातील नायिका, कौसल्येच्या भूमिकेत, त्यांचे पती बाळ धुरी दशरथाच्या भूमिकेत.’ एवढ्या एका ओळीत गंमतही राहते आणि इतिहासही.