जनसुनावणीतील विस्थापनविषयक प्रश्न

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या धरण वा खाण प्रकल्पाच्या जनसुनावणीतील सादरीकरणात बाधितांना थेट प्रश्न विचारता येतात. सुनावणीची किमान 30 दिवस आधी सूचना आणि अहवालाचा स्थानिक भाषेतील सारांश आवश्यक असतो. पहिला प्रश्न ‘बाधित कोण?’ हा असावा. सरदार सरोवर प्रकल्पात बुडित क्षेत्रातील कुटुंबे मोजली गेली. कालव्यांत जमीन गेलेल्यांना मात्र तेच पुनर्वसन मिळाले नाही. दुसरा प्रश्न क्रमाचा : पुनर्वसन आधी की पाणी आधी? नर्मदा लवादाने 1979 मध्ये या प्रकल्पासाठी जमीन बुडण्यापूर्वी पुनर्वसनाची अट घातली होती. म्हणून पर्यायी जमिनीचे गट क्रमांक, सिंचनाची सोय व ताब्याची तारीख सादरीकरणातच मागावी.