ठाण्याच्या रुग्णालयाने सोडून दिलेले २८१ कोटी

१/
१८ सप्टेंबर २०२३. ठाण्यात २००७ साली सुरू झालेल्या ज्युपिटर रुग्णालयाची कंपनी, ज्युपिटर लाइफ लाइन हॉस्पिटल्स, त्या दिवशी शेअर बाजारात दाखल झाली. आठवड्यापूर्वी तिने समभाग ७३५ रुपयांना विकले होते. राष्ट्रीय शेअर बाजारात पहिला सौदा ९७३ रुपयांना झाला. दर समभागामागे २३८ रुपयांचा फरक पडला, म्हणजे ३२ टक्क्यांचा.

२/
विकलेले समभाग होते सुमारे १ कोटी १८ लाख. त्यांना २३८ ने गुणले, तर २८१ कोटी रुपये होतात. कंपनीने व तिच्या जुन्या भागधारकांनी जे घेतले असते, ते नव्या खरेदीदारांना मिळाले. अर्थशास्त्रात याला ‘टेबलावर सोडलेला पैसा’ म्हणतात. कोणी इतका पैसा का सोडतो? आणि सोडल्यावर तक्रारही का करीत नाही?

३/
या प्रश्नाला भारतात जुना इतिहास आहे. १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली समभागाची किंमत दिल्लीतील एक सरकारी अधिकारी ठरवीत असे. त्याचे पद होते भांडवल नियंत्रक. कंपनीची मालमत्ता व मागील वर्षांचा नफा यांवरून तो सूत्राने किंमत काढी. भविष्याला त्या सूत्रात फारशी जागा नव्हती. सत्तरच्या दशकात परदेशी कंपन्यांना भारतीयांना समभाग विकणे भाग पडले, तेव्हा ही किंमत बाजाराच्या अंदाजापेक्षा खूपच खाली राहिली.

४/
म्हणजे तेव्हा पैसा सोडावा लागे तो हुकुमामुळे. २९ मे १९९२ रोजी ही व्यवस्था संपली आणि किंमत ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. १९९५ नंतर बुक बिल्डिंगची पद्धत आली: कंपनी किमतीचा पट्टा जाहीर करते, गुंतवणूकदार त्यात बोली लावतात, बोलींची वही भरत जाते आणि वहीवरून अंतिम किंमत ठरते. हुकूम गेला. पण सोडलेला पैसा काही गेला नाही.

५/
ज्युपिटरची वही पाहू. पट्टा होता ६९५ ते ७३५ रुपये. ६ ते ८ सप्टेंबर या तीन दिवसांत विक्रीस ठेवलेल्या समभागांच्या सुमारे ६४ पट मागणी नोंदली गेली. बड्या संस्थांच्या वाट्याला ती १८० पटींहून अधिक होती, सामान्य गुंतवणूकदारांच्या वाट्याला साधारण आठ पट. तरीही किंमत ७३५ च राहिली, कारण पट्ट्याच्या वरच्या टोकापलीकडे बोली घेताच येत नाही.

६/
येथे भारतीय पद्धतीची खरी गाठ आहे. पट्टा विक्री सुरू होण्याच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी जाहीर करावा लागतो. तो वाढविता येतो, पण मग मुदतही वाढवावी लागते आणि बाजारात शंका उत्पन्न होते. म्हणून तसे क्वचितच घडते. गर्दी बोलू लागते तेव्हा किंमत जवळपास ठरलेली असते. वही मागणी मोजते, पण किमतीवर तिचा परिणाम मर्यादितच राहतो.

७/
मग पट्टा ठरतो कशावरून? मर्चंट बँकर आधीच म्युच्युअल फंड, विमा कंपन्या व परदेशी निधी यांना भेटून त्यांचा अंदाज काढतात. पण या संस्थांनी खरे का सांगावे? ‘हा समभाग हजारांचा आहे’ असे सांगितले, तर त्यांना स्वतःलाच महाग पडेल. बेनव्हेनिस्ट व स्पिंट या अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखविले, की खरे बोलण्याचा मोबदला द्यावा लागतो आणि तो स्वस्त समभागांच्या रूपाने दिला जातो.

८/
अमेरिकेत बँकर हा मोबदला आपल्या पसंतीच्या संस्थेला वाटतो. भारतात सेबीने २००५ मध्ये संस्थांना मागणीच्या प्रमाणात वाटप सक्तीचे केले, त्यामुळे तो अधिकार मुख्य वहीतून गेला. तो उरला अँकर गुंतवणूकदारांपुरता. विक्री उघडण्याच्या आदल्या दिवशी त्यांना निवडून समभाग देता येतात. ज्युपिटरने असे सुमारे २६१ कोटींचे समभाग ७३५ रुपयांनीच दिले.

९/
दुसरे कारण सामान्य अर्जदारांत आहे. केविन रॉक यांनी १९८६ मध्ये ते मांडले. चांगल्या समभागावर जाणकार तुटून पडतात, त्यामुळे अजाणत्याच्या हाती थोडेच लागते. वाईट समभाग मात्र त्याला मागेल तेवढे मिळतात. ज्युपिटरचा २० समभागांचा एक संच १४,७०० रुपयांना होता आणि पहिल्या भावाने त्यावर ४,७६० रुपये सुटत होते. पण बहुतेक अर्ज रिकाम्या हाती परतले. एकूण विक्रीत थोडी सवलत नसेल, तर असा माणूस पुन्हा अर्जच करणार नाही.

१०/
प्रचंड मागणी म्हणजे स्वस्त किंमत, असे मात्र नाही. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या विक्रीलाही सुमारे सत्तर पट मागणी होती. ११ फेब्रुवारीला भाव पहिल्याच दिवशी ४५० रुपयांच्या विक्री किमतीखाली बंद झाला आणि काही आठवड्यांत कंपनीला बोनस समभाग जाहीर करावे लागले. पहिल्या दिवसाची उडी हा ज्वर होता की खरी स्वस्ताई, हे पुढचे महिने सांगतात. ज्युपिटरचा भाव पुढील वर्षभरात ७३५ च्या खाली गेला नाही.

११/
आता मालकांचा हिशोब. २८१ कोटींपैकी सुमारे १०६ कोटी समभाग विकणाऱ्या जुन्या भागधारकांचे होते. उरलेले १७५ कोटी कंपनीच्या नव्या समभागांवर सुटले. नव्या समभागांतून ५४२ कोटी उभारण्यासाठी कंपनीने सुमारे ७३.७ लाख समभाग दिले. ९७३ च्या भावाने ५५.७ लाख पुरले असते. म्हणजे १८ लाख समभाग, कंपनीचा पावणेतीन टक्के हिस्सा, जास्तीचा गेला.

१२/
हा तोटा कोणत्याही पावतीवर दिसत नाही. दिसते ते निराळेच: जुन्या भागधारकांनी न विकलेल्या सुमारे ५.४ कोटी समभागांचे मूल्य कागदोपत्री जवळपास १,२८० कोटींनी वाढले. लॉफ्रन व रिटर यांनी २००२ मध्ये नेमके हेच सांगितले. मालक दोन्ही गोष्टी एकत्र मोजतो. अनपेक्षित मोठ्या लाभापुढे लहान तोटा त्याला सलत नाही.

१३/
एक मर्यादाही ध्यानात हवी. ९७३ हा थोड्या समभागांच्या सौद्यांचा भाव होता; सारे १.१८ कोटी समभाग त्याच भावाने खपले असते, असे म्हणता येत नाही. त्यामुळे २८१ कोटी ही सोडलेल्या पैशाची वरची कड समजावी. शिवाय विक्री फसण्याचा धोका कंपनीला परवडणारा नव्हता. उभारलेल्या रकमेचा मोठा हिस्सा कर्जफेडीसाठी होता आणि डोंबिवलीत नव्या रुग्णालयाचे बांधकाम चालू होते.

१४/
भांडवल नियंत्रकाच्या काळी कंपनीला पैसा सोडावा लागे तो सूत्रामुळे. आज ती तो स्वतः सोडते: काही बड्या संस्थांच्या खऱ्या उत्तरासाठी, काही सामान्यांच्या धीरासाठी, काही निश्चितीसाठी. उरलेला भाग जातो तो पट्टा गर्दीच्या आधी ठरतो म्हणून. यांतला कोणता वाटा किती, हे पहिल्या दिवसाच्या भावावरून कळत नाही.